फ्लॅटचं भाडं आणि बिलं : एकूण रकमेला डोक्यांनी भागू नका, बाब-बाब वाटा आणि मग बेरीज करा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक तक्ता काढला होता. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून तोच हिशोब इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा, कारण वाचून नाही, करून समजणारा हा धडा आहे.

उदाहरण आपल्या वरूडचंच आहे. तीन मुलं दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात. नावं सांगत नाही, धंद्यावरून ओळखू. एकाचं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा संत्र्याचे बगीचे पाहून माल घेतो, त्यामुळे अंबिया बहाराची तोड असो की मृग बहाराची, त्याचे बरेच दिवस बाहेर जातात. तिसरा घरीच बसून फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डिझाइन करतो. तिघंही एका गावचे, शाळेपासूनचे मित्र. महिन्याच्या शेवटी सगळी बिलं एकत्र करायची, तीनने भागायचं आणि मोकळं व्हायचं, अशी पद्धत होती.

एप्रिलचा हिशोब झाला आणि संत्रावाला भडकला. "काहून बे, मी पंधरा दिवस गावी व्हतो ना? मंग पैसे सारखेच कायले देऊ?" मोबाईलवाला म्हणाला, "मी बी दिवसभर दुकानात रायतो, घरातला कूलर कोन चालवते?" डिझाइनवाला म्हणाला, "म्हणजे आता मित्रात पैसा-पैसा मोजायचा का?" यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. चूक होती ती भागाकाराच्या जागेत. त्यांनी आधी बेरीज केली आणि मग भागलं. आधी भागायचं आणि मग बेरीज करायची असते.

दोन्हींत फरक का पडतो?

सगळ्या बाबी सगळेजण सारख्याच वापरत असतील, तर आधी भागा की नंतर भागा, उत्तर एकच येतं. पण एक बाब खोलीवर चालते, दुसरी दिवसांवर, तिसरी वापरावर. अशा वेळी एकूण रकमेला एकच भागाकार लावला, की ज्याचा वापर कमी त्याच्या खिशातून ज्याचा वापर जास्त त्याच्याकडे पैसे जातात. ते कोणालाच दिसत नाहीत, फक्त मनात खटकत राहतात.

हे काही नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जेवण बाहेर खानावळीत घ्यायचे. खोलीचा वाटा खोलीकडे, जेवणाचे पैसे खानावळवालीकडे. दोन खर्च दोन वेगळ्या मापांचे आहेत, हे त्या व्यवस्थेतच होतं. आपल्या फ्लॅटमध्ये सगळं एकाच छताखाली आलं, म्हणून आपण सगळं एकाच मापाने मोजायला लागलो.

पहिली पायरी : प्रत्येक बाबीचं माप ठरवा

एप्रिल महिन्यात या तिघांचा खर्च असा झाला. भाडं ७,२०० रुपये, वीजबिल १,८९०, इंटरनेट ६००, गॅस सिलिंडर ९००, पिण्याच्या पाण्याचे जार ७५०, झाडू-फरशी आणि भांडीवाल्या मावशी ९००. एकूण १२,२४०. (हिशोब समजावा म्हणून रकमा सोप्या केल्या आहेत, तुम्ही तुमच्या टाका.) जुन्या पद्धतीने प्रत्येकी ४,०८० रुपये आले होते.

आता एकेक बाब घेऊ. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : हा खर्च कशामुळे वाढतो?

भाडं कोणी गावी गेल्याने कमी होत नाही. जागा तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते, म्हणून भाड्यात हजेरी धरायची नाही. पण खोल्या सारख्या नाहीत. डिझाइनवाल्याकडे लहान खोली एकट्याला आहे, बाकी दोघं मोठ्या खोलीत. त्यांनी असं ठरवलं की अर्धं भाडं म्हणजे ३,६०० हे हॉल, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमचं, ते तिघांत सारखं, १,२०० प्रत्येकी. उरलेले ३,६०० दोन खोल्यांचे. मोठ्या खोलीचे २,०००, लहान खोलीचे १,६००. मोठ्या खोलीतल्या दोघांना हजार-हजार, लहान खोलीतल्याला सोळाशे. म्हणजे दोघांचं भाडं २,२०० आणि डिझाइनवाल्याचं २,८००.

गॅस आणि पाणी हे दिवसांवर चालतं. इथे हजेरी लावायची, जशी मेसमध्ये लावतात. एप्रिलचे दिवस ३०. मोबाईलवाला ३०, डिझाइनवाला ३०, संत्रावाला १५. एकूण ७५ हजेऱ्या. गॅसचे ९०० भागिले ७५, म्हणजे एका हजेरीला १२ रुपये. पाण्याचे ७५० भागिले ७५, म्हणजे १० रुपये. ३० दिवस राहिला त्याला गॅसचे ३६० आणि पाण्याचे ३००, १५ दिवस राहिला त्याला १८० आणि १५०.

मावशींचा पगार सारखा, ३०० प्रत्येकी. एक माणूस गावी गेला म्हणून त्या पगार कमी घेत नाहीत आणि घेऊही नयेत.

इंटरनेट तिघंही वापरतात, पण मोठा प्लॅन घ्यावा लागला तो डिझाइनच्या फाइल पाठवायच्या म्हणून. तिघांनी ठरवलं की अर्धे पैसे डिझाइनवाल्याचे, उरलेले अर्धे तिघांत. म्हणजे त्याचे ३०० अधिक १००, एकूण ४००. बाकी दोघांचे शंभर-शंभर.

दुसरी पायरी : विजेचं बिल फोडा

खरी भांडणं इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचं उपकरण एक तास चालणं. डिझाइनवाल्याच्या खोलीतला कूलर १५० वॅटचा, दिवसाला ८ तास. ते १.२ युनिट झाले. त्याचा कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून १०० वॅट, ८ तास, म्हणजे ०.८ युनिट. दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. उपकरणाचे वॅट त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असतात.

पट्टीवर विश्वास नसेल तर एक सोपी तपासणी आहे. सकाळी बाकी दोघं बाहेर पडले की मीटरचा आकडा लिहा आणि संध्याकाळी ते परत यायच्या आधी पुन्हा लिहा. तेवढ्या वेळात काम आणि फ्रिज एवढंच चाललेलं असतं. मग काम बंद असेल अशा एखाद्या दिवशी तेवढाच वेळ मोजा, फक्त फ्रिजचा आकडा कळेल. दोन्हीतली वजाबाकी म्हणजे कामाची वीज. मीटर पूर्ण युनिटच दाखवत असेल तर एका दिवसाऐवजी चार-पाच दिवसांची बेरीज घ्या, नाहीतर आकडा फसवतो. पट्टीचा हिशोब आणि मीटरचा हिशोब जवळपास जुळला, की वाद संपला.

बिल १,८९० रुपये, वापर १८० युनिट. सगळे आकार धरून सरासरी साडेदहा रुपये युनिट पडलं. ६० युनिटचे ६३० रुपये डिझाइनवाल्याचे. उरलेले १,२६० सामाईक. ते तिघांनी हजेरीवर वाटले : एका हजेरीला १६ रुपये ८० पैसे, म्हणजे ५०४, २५२ आणि ५०४.

इथे एक बारीक गोष्ट आहे. घरगुती बिलात महावितरण सगळ्या युनिटला एकच दर लावत नाही. पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा बराच जास्त, पुढे आणखी वाढतो. डिझाइनवाल्याचे ६० युनिट नसते, तर वापर १२० वरच थांबला असता आणि महाग टप्प्यात फक्त २० युनिट गेले असते. म्हणून मोबाईलवाला म्हणू शकतो की तुझे साठही युनिट महाग दराचे आहेत, सरासरीपेक्षा जास्त दे. डिझाइनवालाही म्हणू शकतो की मी सकाळपासून चालवतो, तुम्ही रात्री येता, आधीचे स्वस्त युनिट माझेच. कोणाचं युनिट आधी पडलं हे मीटर सांगत नाही. दोन्ही बाजू बोलता येतात, म्हणून सरासरी दर हा तडजोडीचा आणि समजायला सोपा मार्ग आहे. मात्र तो बिल यायच्या आधी ठरवा. बिल हातात आल्यावर प्रत्येकाला आपल्या फायद्याचाच नियम बरोबर वाटतो.

तिसरी पायरी : तक्ता मांडा आणि दोन्ही बाजूंनी बेरीज करा

| बाब | बिल | मोबाईलवाला | संत्रावाला | डिझाइनवाला |
|---|---|---|---|---|
| भाडं | ७,२०० | २,२०० | २,२०० | २,८०० |
| वीज | १,८९० | ५०४ | २५२ | १,१३४ |
| इंटरनेट | ६०० | १०० | १०० | ४०० |
| गॅस | ९०० | ३६० | १८० | ३६० |
| पाणी | ७५० | ३०० | १५० | ३०० |
| मावशी | ९०० | ३०० | ३०० | ३०० |
| एकूण | १२,२४० | ३,७६४ | ३,१८२ | ५,२९४ |

प्रत्येक ओळीत तिघांच्या वाट्यांची बेरीज त्या बिलाएवढी आलीच पाहिजे. मग खाली प्रत्येकाची बेरीज, ती त्याची देणी. आणि शेवटी खालच्या तीन बेरजा मिळून १२,२४० आल्या पाहिजेत. आडवं जुळलं आणि उभंही जुळलं, तरच हिशोब खरा. एखादी ओळ जुळत नसेल तर चूक त्याच ओळीत आहे, बाकी तक्ता परत करायची गरज नाही. तीनने भागून पूर्ण भाग जात नसेल तर उरलेला रुपया एकाच्या नावावर टाका, दर महिन्याला माणूस बदला. पण ओळ जुळलेलीच ठेवा.

मोबाईलवर शीट वापरत असाल तर A मध्ये बाब, B मध्ये बिल, C ते E मध्ये तिघांचे वाटे आणि F मध्ये तपासणी ठेवा. पहिली बाब दुसऱ्या ओळीत येईल. ही सूत्रं F2, C8 आणि गॅसच्या ओळीतल्या C5 साठी आहेत :

```
F2:  =B2-SUM(C2:E2)
C8:  =SUM(C2:C7)
C5:  =B5*30/75
```

F चा सगळा रकाना शून्य दिसला पाहिजे.

चौथी पायरी : कोणी भरलं ते वेगळं लिहा

वाटा किती आणि भरले किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच रकान्यात लिहिल्या की "मी तर सिलिंडर आणलं होतं" हे वाक्य सुरू होतं आणि संपत नाही.

एप्रिलमध्ये मोबाईलवाल्याने घरमालकाला ७,२०० दिले. डिझाइनवाल्याने वीज आणि इंटरनेटचे २,४९० भरले. संत्रावाल्याने गॅस, पाणी आणि मावशी मिळून २,५५० दिले. आता भरलेल्यातून वाटा वजा करा. मोबाईलवाल्याचे ३,४३६ येणं. संत्रावाल्याचे ६३२ देणं. डिझाइनवाल्याचे २,८०४ देणं. देणी मिळून ३,४३६, येणंही ३,४३६. बरोबर जुळलं. दोघांनी मोबाईलवाल्याला यूपीआयने पैसे पाठवले, दोन व्यवहारांत महिना मिटला.

हिशोब कुठे बिघडतो?

पहिली जागा म्हणजे तारखा. विजेचं बिल महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होत नाही. मागच्या रीडिंगपासून आत्ताच्या रीडिंगपर्यंतचं असतं आणि दोन्ही तारखा बिलावर छापलेल्या असतात. हजेरी त्याच दिवसांची मोजा. वर सोपं जावं म्हणून मी पूर्ण एप्रिल धरला. गॅसचंही तसंच. सिलिंडर महिन्याच्या मधेच संपतं. लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, संपेल त्या दिवशी मधल्या हजेऱ्या मोजा आणि त्यावर वाटा. महिन्याशी सिलिंडरचा संबंध जोडू नका.

दुसरी जागा म्हणजे बिलातली जुनी रक्कम. बिलात मागची थकबाकी किंवा उशिरा भरल्याचा आकार आला असेल, तर तो आधी बाजूला काढा. थकबाकी ज्या महिन्याची, त्या महिन्यात राहणाऱ्यांची. उशिराचा आकार ज्याने भरायचं कबूल करून भरलं नाही त्याचा. नवीन राहायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर तो टाकला, की पहिल्याच महिन्यात त्याचा विश्वास जातो.

तिसरी जागा म्हणजे अनामत. घरमालकाला दिलेली अनामत हा खर्च नाही, ते परत येणारे पैसे आहेत. ती या तक्त्यात घ्यायचीच नाही. कोणी किती दिली हे वेगळ्या पानावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. महावितरणकडूनही कधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ती ठेव ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या खात्यात जमा राहते, म्हणजे साधारणपणे घरमालकाच्या. ते बिल चालू बिलासोबत भरून तिघांत वाटू नका, आधी मालकाशी बोला.

आता धंद्याची गोष्ट

जुन्या पद्धतीने डिझाइनवाला ४,०८० देत होता. त्याचा खरा वाटा ५,२९४ निघाला. म्हणजे १,२१४ रुपये दर महिन्याला बाकी दोघं भरत होते, त्यात संत्रावाल्याचे ८९८ आणि मोबाईलवाल्याचे ३१६. तक्ता पाहिल्यावर डिझाइनवाल्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, मित्रांचे पैसे गेले ते एक वेळ राहू दे, तुझा जास्त तोटा दुसरीकडेच झाला आहे.

तो एका डिझाइनचे १०० रुपये घ्यायचा, महिन्याला साधारण ६० डिझाइन. त्याच्या मते घरीच काम असल्याने खर्च काहीच नाही, सहा हजार पूर्ण कमाई. आता त्याच्याच रकान्यातून कामाचा खर्च बाजूला काढा. कूलर-कॉम्प्युटरची वीज ६३०. इंटरनेटचे जास्तीचे ३००. स्वतंत्र खोली घेतली ती कामासाठीच, तिचे इतरांपेक्षा जास्त ६००. बेरीज १,५३०. साठने भागा, एका डिझाइनमागे साडेपंचवीस रुपये. शंभरातले साडेपंचवीस रुपये त्याला कधी दिसलेच नव्हते, कारण बराचसा खर्च मित्रांच्या वाट्यात लपला होता. याच भरवशावर त्याने पुढच्या वर्षी बाजारात गाळा घेतला असता, तर गाळ्याचं भाडं, गाळ्याची वीज आणि इंटरनेट एकट्यावर आलं असतं आणि दर तोच शंभर राहिला असता. धंदा बुडाल्यावर तो म्हणाला असता, वरूडमध्ये डिझाइनला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक होतं, दर चुकीचा होता.

त्याने आता दर १२० केला. काही जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, एकदोघं गेली. पण आपला दर कुठून आला हे त्याला आता पाच ओळींत सांगता येतं. आणि संत्रावाला सध्या हाच तक्ता गाडीभाड्यावर लावतो आहे. तीन व्यापाऱ्यांचा माल एका गाडीत जातो, भाडं क्रेटवर, हमाली क्रेटवर, पण टोल आणि ड्रायव्हरचं जेवण सारखं. बाब बदलली, रीत तीच.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. चहापत्ती, साबण, एखाद्या रात्री आलेला पाहुणा, हे मोजायला बसू नका. मोजण्याचा त्रास रकमेपेक्षा मोठा झाला की ती बाब सारखी वाटून टाका. माझा नियम असा आहे : ज्या बाबीत वाट्याचा फरक महिन्याला पन्नास रुपयांच्या आत आहे, ती सारखी. बाकीच्या मापाने. तुमचा आकडा तुम्ही ठरवा, पण तिघांनी मिळून आणि आधी.

या आठवड्याचं काम : मागच्या महिन्याची सगळी बिलं काढा, वरच्यासारखा तक्ता भरा आणि तुमच्या रकान्यातल्या कोणत्या रकमा खरं तर धंद्याच्या आहेत, त्यांना लाल पेनाने गोल करा. पुढच्या व्हिडिओत त्याच लाल रकमा घेऊन आपण एका नगाची किंमत काढायला शिकू.